हमीपत्रावरची सही

देव मदतीला येतो, असं माझी आई म्हणायची तेव्हा मी मनात हसायचे. आमची वस्ती चकलांब्याच्या पुढं, माळावर. मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक, बिरोबाचा टाक आणि भंडाऱ्याची पितळी वाटी. घरात कुणाला ताप आला, मेंढी व्यायली, कुणी परगावी निघालं, तरी आईचा हात आधी त्या वाटीत जायचा. मी बारावी सायन्सला होते. पेशीत काय असतं, रक्त लाल का असतं, हे मला येत होतं. म्हणून मला वाटायचं की आईला जे येत नाही ते सगळं मला येतं. आज आमच्या वस्तीवरची पहिली पदवीधर मी आहे आणि हे मी मान वर करून सांगते. पण ती पदवी माझ्या हातात कशी आली, हे सांगताना मान वर राहत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

बीडच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या अनुदानित तुकडीत माझं नाव गुणवत्ता यादीत लागलं होतं, भटक्या जमातीच्या क प्रवर्गातून. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एकाच कॉलेजात दोन तुकड्या असतात. अनुदानित तुकडीत मास्तरांचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी आणि आमच्यासारख्यांना त्यातही सवलत. विनाअनुदानित तुकडीची फी आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, झेपणारी नव्हती. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "सरकारी फीत बसलीस तर शिक. न्हाई बसलीस तर वाळूजच्या पाव्हण्यांना मी जास्त दिस थांबवू शकत न्हाई." पाहुण्यांकडचा मुलगा बघून झालेला होता. तेव्हा माझ्यासाठी त्या यादीतलं नाव म्हणजे नुसतं नाव नव्हतं. ते गेलं की दिवाळीनंतर माझ्या अंगाला हळद, हे ठरलेलं होतं.

फी भरायच्या शेवटच्या दिवशी मी एकटीच एसटीनं बीडला आले. आधी येता आलं नाही, कारण नॉन-क्रिमीलेअरचा दाखला तहसीलमधून आदल्या दिवशी मिळाला. दादा मेंढरं घेऊन गोदावरीकडं गेलते. निघायच्या आदल्या संध्याकाळी आईनं माझे सगळे कागद देवापुढं मांडायला लावले. आमच्यात तशी रीतच आहे. मोठ्या कामाचे कागद असोत की नवीन कात्री, आधी देवाला दाखवायचं. एकेक कागद हातात घेऊन ती विचारत होती, "हे काय हाय?" मी सांगत होते: हा बारावीचा निकाल, हा जातीचा दाखला, हे उत्पन्नाचं, हा शाळा सोडल्याचा दाखला. तिनं प्रत्येकावर बोटानं भंडारा लावला आणि सकाळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी माझ्या हाती दिली. मी उघडून बघितली नाही. आईच्या हातची पिशवी कशाला तपासायची!

कॉलेजच्या कार्यालयाबाहेर रांग पार सायकल स्टँडपर्यंत गेलती. खिडक्या दोन. पहिल्या खिडकीवर मूळ कागद आणि झेरॉक्सचा संच तपासायचा, मग आतल्या खोलीत प्रवेश समितीच्या सरांची सही, मग दुसऱ्या खिडकीवर फी. तिथं पावती फाटली की प्रवेश. संध्याकाळी कॅश काउंटर बंद झाला की ज्यांची पावती नाही त्यांचं नाव कटणार आणि त्या जागा प्रतीक्षा यादीतल्यांना जाणार, असा कागद दारावर चिकटवलेला होता. ऊन तापलेलं. माझ्या पुढं एक बाई उभी होती, चाळिशीची, अंगानं हाडकुळी, पदर डोक्यावर घट्ट. तिची मुलगी पलीकडं लिंबाखाली मांडीवर फाइल घेऊन बसली होती. बाईनं वळून मला विचारलं, "एकलीच आलीस व्हय गं? संगं कुनी न्हाई?"

"दादा मेंढरांमागं गेलेत."

"मेंढरं?" ती जरा हसली. "मंग आपल्यातलीच की. कोन्त्या कोट्यात नाव लागलं?"

"एनटी-सी."

ती पुढं बघायला लागली. मग बऱ्याच वेळानं, न वळताच म्हणाली, "शेवटची जागा तुपली हाय मंग." मी म्हणाले, हो, माझीच. मला त्यात आनंदच वाटला.

बाई खिडकीशी काहीतरी विचारून बाजूला झाली आणि माझा नंबर आला. खिडकीतले क्लार्क सर वयस्कर होते, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी कागद पत्त्यांसारखे पिसले. निकाल, जात, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्न, आधार. मग पुन्हा पिसले. "टीसी?"

"आहे ना, सर."

"मंग दाव की."

पिशवी उलटी केली. कागदांच्या झेरॉक्सी पडल्या, एक भंडाऱ्याची पुडी पडली. शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. टीसीची झेरॉक्स होती, मूळ टीसी नव्हती.

"झेरॉक्स चालंना का, सर? मूळ मी उद्या आणते."

"पोरी, बाकी सगळ्याचं डुप्लिकेट निघतं. टीसी एकच असती. ज्या कॉलेजात टीसी जमा, त्या कॉलेजात पोरगी. म्हणून तर मूळ घेतो आमी. सकाळपासून तुझ्यासारखे चार जण आले, 'घरी राहिली' म्हणत. घरी नसती राहिली, दुसऱ्या कॉलेजात अडकवलेली असती. दोन्ही डगरींवर हात ठेवायचा आणि इथली जागा अडवून धरायची. बाजूला हो."

"सर, मी खरंच—"

"समदे खरंच म्हणतात. नेक्स्ट."

मी बाजूला झाले. माझ्याकडं मोबाइल नव्हता. त्या बाईनं न मागता आपला फोन माझ्यापुढं धरला. "लाव घरी." मी आईच्या साध्या फोनवर लावला. आई पहिल्याच घंटीला बोलली, जणू वाटच बघत होती.

"आई, टीसी कुठंय? शाळा सोडल्याचा दाखला?"

"हाय की. देवाजवळ हाय."

"देवाजवळ? पिशवीत कावून न्हाई घातला?"

"आगं, तूच वाचलंस की. शाळा सोडल्याचा म्हनलीस. शाळा धरायला निगालेली पोर सोडल्याचा कागद घिऊन जाती का कुठं? म्या म्हनलं, हे सोडनं-बिडनं देवाच्या टाकाखाली ऱ्हाऊ दे. मपली पोर शिकायला चाललीय, सोडायला न्हाई."

आई शाळेत गेली नव्हती. तिनं माझ्या शिक्षणासाठी जे अशुभ वाटलं ते काढून देवाच्या हवाली केलं होतं. मी रडायला लागले तशी ती घाबरली. "काय झालं? आता येऊ का घिऊन?" पण वस्तीवरून चकलांबा, चकलांब्यावरून गेवराई, गेवराईवरून बीड. काउंटर बंद व्हायच्या आत ती पोचूच शकत नव्हती.

भिंतीला टेकून मी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून देवाला म्हणाले, 'तुझ्याच टाकाखाली आहे ना? मग तूच बघ.' ती प्रार्थना नव्हती, चिडून म्हटलेलं होतं. भक्तांच्या अनुभवात असतं तसं माझ्या डोळ्यांपुढं कुणी उभं राहिलं नाही, कानात आवाज आला नाही. फक्त ती बाई माझ्याजवळ आली आणि माझा हात धरून मला खिडकीशी ओढत घेऊन गेली.

"साहेब, हिची आई फोनवर बोलली आत्ता. म्या ऐकलं. कागद खरंच घरी हाय, देवाखाली."

क्लार्क सरांनी चष्मा काढला. "देवाखाली?"

"व्हय. त्यावर 'सोडल्याचा' लिवलंय म्हनून तिच्या आयनं काढून ठिवला. असलं खोटं कुनाला सुचल का साहेब?"

मागं रांगेत कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी आत जाऊन प्रवेश समितीच्या सरांना विचारलं. बाहेर येऊन म्हणाले की तात्पुरता प्रवेश देता येतो, पण हमीपत्र लागेल: टीसी इतरत्र जमा नाही, उद्या दुपारपर्यंत आणून देऊ, न दिल्यास प्रवेश रद्द होऊन जागा प्रतीक्षा यादीला जाईल आणि फी परत मागणार नाही. "पण ते मुलीच्या एकटीच्या सहीवर होत न्हाई. खाली पालकाची सही लागती, आधारची झेरॉक्स, मोबाइल नंबर. पालक समोर पाहिजे. कुठंय हिचा बाप?"

दादा गोदाकाठी होते. कुणीही समोर नव्हतं.

"मी हाय," बाई म्हणाली.

"तुमी कोण हिच्या?"

"मावशी."

सरांनी तिच्याकडं बघितलं. मग लिंबाखाली बसलेल्या तिच्या मुलीकडं बघितलं. "बाई, तुमी मघाशी आलता ना विचारायला... तुमाला कळतंय ना ह्याच्यावर सही म्हणजे काय ते?"

"कळतंय. कुठं करू सही, ते सांगा."

मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, सर तिला धमकावताहेत. तिनं ब्लाउजमधून पाकीट काढलं, आधारकार्ड दिलं. झेरॉक्सच्या दुकानातून हमीपत्राचा छापील नमुना मी धावत आणला. तिनं एकेक अक्षर जुळवत मोठ्या कष्टानं सही केली, नात्याच्या रकान्यात मला 'मावशी' लिहायला लावलं. समितीच्या सरांनी 'तात्पुरता' असा शेरा मारून सही केली. मी फीच्या खिडकीवर पोचले तेव्हा आतला माणूस गल्ला बंद करत होता. पावती फाटली.

मी वळून बाईच्या पायाशी वाकले. तिनं मला वर उचललं. माझ्याकडं धड बघितलंही नाही. माझ्या आईला पुन्हा फोन लावून तिनं स्वतः सांगितलं, "ताई, सकाळी पहिल्या गाडीनं निगा. देवाखालून काडायचं इसरू नका. उशीर करू नका, दुपारपर्यंतच हाय." मग ती लिंबाकडं गेली. मुलगी उठली, फाइल छातीशी धरून. दोघींमध्ये काही बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही. मुलीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग दोघी स्टँडच्या दिशेनं निघाल्या, मुलगी पुढं, आई मागं. त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. पावतीकडंच बघत होते मी.

त्या रात्री मी बीडमध्येच गावच्या एका ओळखीच्या घरी राहिले. दुसऱ्या दिवशी आई आली. बीडला ती पहिल्यांदाच एकटी आलेली, धुतलेलं लुगडं नेसून, टीसी पदराच्या टोकात बांधून. क्लार्क सरांनी कागद उलगडला. "हे पिवळं काय हाय?"

"भंडारा हाय, साहेब. पुसू नका."

"न्हाई पुसत." त्यांनी टीसी जपून फाइलला लावली, माझ्या नावापुढचं 'तात्पुरता' खोडलं. मग आईला म्हणाले, "तुमची बहीण लई मोठ्या मनाची हाय."

"कोन बहीण?" आई म्हणाली. "मला बहीणच न्हाई."

सरांनी प्रतीक्षा यादी काढून आमच्यापुढं पहिल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तिच्या पोरीचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं होतं. याच कोट्यात. तुमची पोर गळाली असती तर जागा तिचीच होती. रोज येऊन विचारायची, साहेब, कुणी गळालं का. मला वाटलं, नात्यातली असल तुमच्या, म्हणून सोडतेय. एवढं तर बहीणच करती."

आई कार्यालयाच्या पायरीवर खाली बसली. मी दुसरी जागा नाही का, असं सरांना विचारलं. विनाअनुदानित तुकडीत होत्या, ते म्हणाले. ती फी कुणाला झेपते, हे मी विचारलं नाही. आधारच्या झेरॉक्सवरून बाईचं नाव आणि गाव कळलं: कौसाबाई, चौसाळा. आईनं पदराचं रिकामं टोक हातात धरलं. मग एवढंच म्हणाली, "काल देवापुढं दोघींची लेकरं हुती. म्या मपलं पुढं ढकललं." तिला वाटत होतं, टीसी देवाखाली ठेवल्यानं हे घडलं. मी तिला म्हणाले, तसं काही नसतं. पण तेव्हा मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की कसं असतं.

चौसाळा बीडहून फार लांब नाही, हायवेवरच आहे. शनिवारी निघून संध्याकाळी परत येण्यासारखं. तरी मी गेले नाही. रिकाम्या हातानं काय जायचं, आधी पास तर होऊ, असं मनाला सांगत राहिले. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकले की कधीतरी वाटायचं, या स्टुलावर दुसरी कुणी बसायची होती. मग मी जास्त अभ्यास करायचे, जणू दोघींचा करायचा आहे. देवाला मी नाकारलं नाही आणि मानलंही नाही. कुठं काय मागायचं झालं की जीभ अडखळायची. मागितलेलं कुणाच्या ताटातून येईल, याची भीती बसली होती.

तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन मी आणि आई चौसाळ्याला गेलो. आठवडी बाजारात विचारत विचारत घर सापडलं. पत्र्याचं घर, अंगणात शेळ्या. कौसाबाईंनी आम्हाला ओळखायला वेळ घेतला. आईनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तशा त्या मागं सरकल्या. "उठा, ताई. असं करू नका."

पेढ्याचा बॉक्स त्यांनी हातात घेतला, पण उघडला नाही. मी विचारलं, हे विचारल्याशिवाय मला परत जाता आलं नसतं, "मावशी, तुम्ही कावून केली सही?"

त्या शेळ्यांकडं बघत होत्या. "मला सांगता येत न्हाई बाई. लोकं म्हनतात लई पुण्य केलंस. म्या काय इचार करून केलं न्हाई. तुज्या आयचं बोलनं फोनातून ऐकलं, आन् मला माझी आय आठवली. हात पुढं झाला. इचार करायला थांबले असते तर सही केली नसती, खरं सांगते. बाहेर आल्यावर पोरीचं तोंड बघितलं, तवा कळलं काय झालं ते. वरीसभर बोलली न्हाई ती माझ्यासंगं. लगीन झालं तिचं. आत्ता म्हायेरी आलीय." मग हळू आवाजात, "तिच्यापुढं लई बोलू नका."

पण बोलणं आत ऐकू गेलेलं होतं. ती तांब्या घेऊन बाहेर आली. कडेवर लेकरू. माझ्याच वयाची, तीच लिंबाखालची. तिनं मला आणि आईला पाणी दिलं. तिनंच विचारलं, "बी.एस्सी. झालं का?"

"झालं."

"क्लास कोन्ता?"

"फर्स्ट क्लास."

तिनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "बरं झालं," ती म्हणाली. "तेवढी तरी जागा वाया गेली न्हाई." आणि आत निघून गेली.

त्या दिवसानंतर मी देवाशी वाद घालत नाही. तो आहे की नाही, त्यानं बाईला पाठवली की बाई आपणहून आली, हे मला ठरवता येत नाही आणि आता ठरवायचंही नाही. एवढं कळतं की माझ्यापर्यंत जे आलं ते मी कमावलेलं नव्हतं. विचाराच्या आधी पुढं झालेल्या एका हातातून ते आलं आणि ज्या दारातून आलं ते घर रिकामं करून आलं. शरण जाणं म्हणजे सगळं गोड मानणं, असं मला वाटायचं, तसं नाही. जे मिळालं ते घेऊन, ज्याचं गेलं त्याचं दुःख कमी न करता, दोन्ही ओंजळीत धरून नमस्कार करायचा. मी रोज तसा करते. हात जोडले की आधी त्या पोरीचं नाव घेते, देवाचं नंतर.